कोलकाता आणि सुंदरबन : रविवार-सोमवार जंगलाला दिले

डिसेंबरच्या सुट्टीत आई-बाबांना घेऊन कोलकात्याला जायचं ठरलं, तेव्हा सुंदरबनही त्याच फेरीत करायचं हे पक्कं होतं. बाबांना शहरं आवडतात, आई मूळची खाडीकाठची. प्रश्न होता तो कुठे किती रात्री काढायच्या याचा.

एजंटने सुंदरबनचं एका मुक्कामाचं पॅकेज सुचवलं. मी कागदावर तास मांडले. सकाळी आठला कोलकात्याहून निघालं की शंभरेक किलोमीटरवरच्या गोदखालीला पोहोचायला तीन तास लागतात. रस्ता तिथे संपतो, पुढे बोट. मुक्कामाच्या गावी जाऊन जेवेपर्यंत दोन वाजतात. आणि डिसेंबरमध्ये तिकडे सूर्य पाचच्या सुमारास मावळतो! पुण्याच्या सवयीने आपण सहापर्यंतचा उजेड धरून चालतो, तिथेच गणित चुकतं. अंधारापूर्वी बोट परत आणावी लागते, म्हणजे पहिल्या दिवशी हातात जेमतेम तीन तास. दुसऱ्या दिवशी परत निघायचं, की तोही अर्धाच. दोन मुक्काम केले तर मधला दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत पाण्यावर मिळतो, आणि सुंदरबनात तो पूर्ण दिवसच महत्त्वाचा.

कारण तिथलं वेळापत्रक भरती-ओहोटी ठरवते. भरतीला पाणी चढलं की बोट अरुंद खाड्यांत शिरू शकते, दोन्ही बाजूंची झाडं अगदी जवळ येतात. ओहोटीला त्याच खाड्या उथळ होतात, बोट मोठ्या नदीतच ठेवावी लागते, पण काठाचा चिखल उघडा पडतो आणि मगरी उन्हाला येऊन पडतात, हरणं खाली उतरतात, पक्षी चिखलात टिपायला लागतात. दोन्ही बघायला भरतीपासून ओहोटीपर्यंतचे सहा तास तरी सलग हवेत. आईने बोटीवर चढताच तिथी विचारली आणि कोकणातल्या हिशोबाने तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगितली. नावाडी म्हणाला, इथे समुद्रापासून आत पाणी उशिरा चढतं. मग दोघांचं मोडक्या हिंदीत बराच वेळ छान जमलं.

वाघासाठी मात्र मी एकही रात्र वाढवली नाही. तो दिसणं फार दुर्मीळ, आणि त्या आशेवर मुक्काम वाढवला तर शहराचे दिवस हकनाक जातात.

वार ठरवताना शहराची बाजू आधी पाहिली. व्हिक्टोरिया मेमोरियलची दालनं आणि इंडियन म्युझियम सोमवारी बंद. कॉलेज स्ट्रीटची पुस्तकांची दुकानं रविवारी बहुतेक बंद. म्हणजे रविवार-सोमवार शहरात घालवणं हे नुकसानच. उलट सुंदरबनात शनिवार-रविवारी कोलकात्याचीच मंडळी सहलीला येतात, सजनेखालीला परवाने घेणाऱ्या बोटींची रांग लागते. आम्ही रविवारी सकाळी निघालो, दुपारी पोहोचलो तेव्हा ती गर्दी परतीला लागली होती. सोमवारी सुधन्याखालीच्या मनोऱ्यावर आम्ही आणि आणखी एकच कुटुंब होतं. खाली गोड्या पाण्याचं तळं, त्यावर चितळ येऊन पाणी पीत होतं, आणि बाबा, ज्यांना जंगलात कंटाळा येणार अशी मला धास्ती होती, अर्धा तास कठड्याला धरून उभे होते.

त्याआधीचे शुक्रवार-शनिवार शहराचे. शुक्रवारी म्युझियम आणि व्हिक्टोरिया, शनिवारी पहाटे मल्लिक घाटाचा फुलबाजार, तिथून मूर्तिकारांची वस्ती असलेली कुमारटुली, दुपारनंतर कॉलेज स्ट्रीट. हावडा पुलाखालच्या त्या बाजारात झेंडूच्या माळांचे ढीग डोक्यावर घेऊन धावणारे हमाल वाट मागत आपल्याला बाजूला सारतात. दोन दिवस इतकी ढकलाढकल झाल्यावर बोटीत नुसतं बसून राहणं हीच विश्रांती वाटली. म्हणून शहर आधी, हा क्रम मला पटतो. आधी जंगल केलं असतं, तर आई-बाबांना नंतरचं शहर जड गेलं असतं.

शेवटची रात्र मुद्दाम पुन्हा कोलकात्यात ठेवली. मंगळवारी जंगलात न जाता गोसाबाचा बाजार बघून परतलो, विमान बुधवारी सकाळचं. बोट, मग गाडी, मग कोलकात्याच्या वेशीवरची कोंडी, यांतलं काहीही लांबू शकतं, त्याच संध्याकाळचं विमान धरण्यात अर्थ नाही. शिवाय थंडीत नोलेन गुडाचा, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाचा, संदेश हा मिठाईचा प्रकार मिळतो, तो फार टिकत नाही. शुक्रवारी घेतला असता तर बोटीवरच संपवावा लागला असता. मंगळवारी रात्री घेतला आणि बुधवारी पुण्यात शेजाऱ्यांना वाटला.