हे सहाशे कुठून आले?

अकरावीची पहिली घटक चाचणी. लॉग (२० + ३०) ची किंमत काढायची होती. मी वीसचा लॉग घेतला १.३०१०, तीसचा १.४७७१, आणि बेरीज करून २.७७८१ असं उत्तर लिहून मोकळा झालो. लॉगचे सगळे नियम मला घडाघडा पाठ होते. पेपर वाटताना आमच्या गणिताच्या बाईंनी त्या उत्तरावर फुली मारली नव्हती. मला टेबलापाशी बोलावून त्यांनी लॉग टेबलचं पुस्तक पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "आता तुझ्या उत्तराचा अँटिलॉग काढ."

मी .७७ च्या ओळीवर बोट ठेवलं, ८ च्या खाली ५९९८ सापडले, शेवटच्या १ साठी आणखी १ मिळवला. ५९९९. दशांशचिन्हाआधी २ होता, म्हणून ५९९.९.

"म्हणजे सहाशेच. वीस आणि तीसची बेरीज सहाशे? हे सहाशे कुठून आले ते सांग, मग जागेवर जा."

बाहेर परळच्या रस्त्यावर बसचे हॉर्न वाजत होते आणि मी तिथेच उभा. सहाशे म्हणजे वीस गुणिले तीस, हे लक्षात यायला मला चांगली दोन मिनिटं लागली. मी लॉगांची बेरीज केली होती, म्हणजे नकळत संख्यांचा गुणाकार केला होता.

आज अकरावीत असलेल्या तुम्हा मुलांसाठी लिहायला घेतलं तेव्हा मला तेच टेबल आठवलं. बाईंनी त्या दिवशी मला एकच वाक्य दिलं : लॉग हा एक प्रश्न आहे, "दहाचा कितवा घात?" शंभर हा दहाचा दुसरा घात, म्हणून लॉग १०० म्हणजे २. हजार हा तिसरा, म्हणून ३. शंभर गुणिले हजार केलं की दोन शून्यांपुढे तीन शून्यं येतात, एक लाख होतात, पाच शून्यं. गुणाकारात घात मिळवले जातात, आणि लॉग म्हणजे घातच. म्हणून गुणाकाराचा लॉग ही लॉगांची बेरीज. याच्यापुढे पाठ करायला काही उरतच नाही. शंभर अधिक हजार मात्र अकराशे. तिथे शून्यांची बेरीज होत नाही, म्हणून बेरजेच्या लॉगला असा सोपा नियम नाही. माझ्या गणितात आधी वीस अधिक तीस पन्नास करा, मग लॉग घ्या : १.६९९०.

भागाकारातही हाच घोटाळा होतो, आणि तो जास्त फसवा असतो. लॉग ८ भागिले लॉग २, आणि लॉग (८ भागिले २), हे दोन्ही मुलं एकच समजतात. इथे पाया दोन घेऊन बघा, आकडे सोपे होतात. आठ हा दोनचा तिसरा घात, दोन हा पहिला. तीन भागिले एक, तीन. दुसरीकडे आठ भागिले दोन म्हणजे चार, आणि चार हा दोनचा दुसरा घात. एकीकडे तीन, दुसरीकडे दोन. वजाबाकी होते ती आत भागाकार असेल तेव्हा, तीन वजा एक. वर-खाली दोन वेगळे लॉग असतील तेव्हा नाही. परीक्षेत गोंधळ झाला, तर मी मार्जिनमध्ये हे आठ आणि दोन लिहून बघायचो. दहा सेकंदांत नियम आपोआप समोर यायचा.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच होती. दोनचा दहावा घात १०२४, म्हणजे हजाराहून जरासा जास्त. हजार हा दहाचा तिसरा घात, तर लॉग २ च्या दहा पटीला तीनाहून किंचित जास्त यायला हवं. म्हणून लॉग २ हा ०.३ पेक्षा थोडा मोठा असणार. पुस्तक उघडलं तर ०.३०१०! तोपर्यंत ते आकडे मला कुणीतरी वरून टाकल्यासारखे वाटत होते. त्या दिवशी मी पाच मिनिटं नुसता तो आकडा बघत बसलो. मग लॉग ५ साठी पुस्तक उघडावंच लागलं नाही : पाच म्हणजे दहा भागिले दोन, एक वजा ०.३०१०, ०.६९९०.

प्रयोगशाळेत बारच्या संख्यांनी रडवलं. ०.००२ चं वर्गमूळ हवं होतं. त्याचा लॉग बार ३ पॉइंट ३०१०, म्हणजे उणे तीन आणि अधिक ०.३०१०. त्याचं निम्मं करताना शेजारचा मित्र सरळ ३.३०१० चं निम्मं करून वर बार टाकायला निघाला. पण बार फक्त तीनवर आहे, पुढचा भाग धनच आहे. उणे तीनचे पूर्ण दोन भाग होत नाहीत, म्हणून उणे चार अधिक १.३०१० असं मांडायचं. निम्मं उणे दोन अधिक ०.६५०५. अँटिलॉग ०.०४४७. त्याचा वर्ग करून आम्ही दोघांनी ताळा पाहिला, जवळजवळ ०.००२ आला, आणि मगच जर्नलमध्ये शाईने लिहिलं.