तीन महिन्यांचे पाच हजार अडीचशे

अंतरिम पोटगीचा अर्ज लिहायला दोन दिवस पुरले. त्यासोबतच्या शपथपत्राने मात्र माझे चार महिने खाल्ले, आणि त्यातला निम्मा दोष माझाच, याचा राग अजून जात नाही.

घटस्फोटाची केस नवऱ्याने टाकली. मी कळव्यात आईकडे, मुलगी तिसरीत. वकीलबाईंनी हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली माझ्यासाठी आणि 26 खाली मुलीसाठी अर्ज केला. रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने मालमत्ता आणि देण्यांच्या शपथपत्राचा नमुनाच दिला आहे. तो दोघांनीही भरायचा असतो. उत्पन्न, खाती, एफडी, दागिने, विमा, कर्ज, महिन्याचा खर्च, आणि सोबत तीन वर्षांचं बँक स्टेटमेंट.

मी घरी शिकवण्या घेते, महिन्याला अकरा हजारांच्या आसपास मिळतात. "हे लिहायचं का? रोख तर येतात," असं मी विचारलं. वकीलबाई म्हणाल्या, "अर्धे पालक जीपे करतात ना? मग स्टेटमेंट तुमच्या आधीच बोलतं." लिहिलं. मे महिन्यात शिकवण्या बंद असतात, म्हणून बारा महिन्यांची बेरीज करून सरासरी दिली.

एफडीच्या रकान्यात मात्र मी 'लागू नाही' लिहिलं. आईची तीन लाखांची एफडी आहे, तिच्या निवृत्तीच्या पैशांतली, आणि दुसरं नाव माझं. मला ती कधी माझी वाटलीच नाही. पण आईला एटीएम जमत नाही, म्हणून व्याज माझ्या खात्यात येतं. दर तीन महिन्यांनी 5,250 रुपये. ते काढून मी तिच्या हातात देते.

पुढच्या तारखेला त्यांच्या वकिलांनी माझ्याच स्टेटमेंटची झेरॉक्स पुढे केली. चार ओळींभोवती लाल पेनने गोल. "एफडी नाही, तर हे व्याज कशाचं?" मला घाम फुटला. मग त्यांनी शिकवण्यांचा आकडाही खोटा असणार, असं सुरू केलं. म्हणजे जे खरं लिहिलं होतं, तेही संशयात गेलं. शपथेवर जाणूनबुजून खोटं लिहिलं तर कारवाई होऊ शकते, हे तेव्हा नीट कळलं.

नवं शपथपत्र, पुन्हा नोटरी, आणि तारीख सहा आठवड्यांनी. या वेळी एफडीची पावती जोडली, आईच्या पासबुकातली निवृत्तीची रक्कम जमा झालेली नोंद जोडली, आणि व्याज कोणाचं ते दोन वाक्यांत लिहिलं. जज साहेबांनी ते व्याज माझ्या उत्पन्नात धरलं नाही. पहिल्याच वेळी हे केलं असतं तर!

त्यांच्या बाजूची गंमत वेगळीच. हातात येणारा पगार बावन्न हजार, असं त्यांनी लिहिलं होतं. पगारपत्रक 92,000 चं. त्यातून आयकर 4,000, व्यवसाय कर 200 आणि सक्तीचा पीएफ 4,800 गेल्यावर 83,000 उरतात. उरलेली कपात म्हणजे स्वतःहून वाढवलेला पीएफ 10,000 आणि सोसायटीच्या कर्जाचा हप्ता 21,000. कर्ज गाडीसाठी, आणि घेतलेलं आमच्या अर्जाची नोटीस मिळाल्यावर दोन महिन्यांनी. कोर्टाने 83,000 धरले. स्वतःच्या मर्जीने केलेली बचत आणि असं कर्ज पोटगीच्या आड येऊ देत नाहीत. म्हणून त्यांच्याकडून फक्त एक पगारपत्रक आलं तर फॉर्म 16 मागायचाच. घराचं जुनं, खरं कर्ज असतं तर कदाचित वेगळा विचार झाला असता.

खर्चाच्या रकान्यात मी आधी 'किरकोळ 8,000' लिहिलं होतं, वकीलबाईंनी पेन फिरवला. शाळेची फी, रिक्षा, औषधं, प्रत्येकाची वेगळी ओळ आणि जमेल तिथे पावती. मुलीच्या चष्म्याचं बिलही त्यात गेलं.

शेवटी माझ्यासाठी 9,000 आणि मुलीसाठी 11,000 मंजूर झाले. शिकवण्यांचे अकरा हजार मोजूनच. कमाई आहे म्हणून पोटगी नाही, असं होत नाही, पण रक्कम कमी होते. ठराविक टक्केवारी असते, असं शेजारच्या काकू छातीठोक सांगतात. 25 टक्क्यांचा उल्लेख एका निकालात आहे खरा, पण तो नियम नाही.

पैसे अर्जाच्या तारखेपासून धरले, म्हणून आधीच्या महिन्यांची थकबाकी तीन हप्त्यांत यायची आहे. पहिला हप्ता आला.

हो, एक राहिलंच. परिस्थिती बदलली तर कोर्टाला कळवायचं, असं त्याच शपथपत्रात आपण लिहून देतो. जूनपासून माझ्याकडे शिकवणीला दोन मुलं वाढली आहेत. वकीलबाईंना कालच फोन केला.