तुम्ही विचारलंत म्हणून: अर्जातलं ओळखीचं नाव

“ओळखीच्या माणसाचं नाव अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात घालायचं आहे, पण वशिला लावतोय असं वाटायला नको. कसं लिहू?”

वाक्य तयार करून देतो, पण त्याआधी एक सांगा : ज्यांचं नाव घालताय त्यांना विचारलंय का? बहुतेकांनी विचारलेलं नसतं. “अहो, आपल्या ओळखीतलेच आहेत, काही म्हणणार नाहीत,” हे उत्तर मी आता ऐकून घेत नाही. नागपुरात कोणीतरी कोणाच्या तरी ओळखीतलं निघतंच. आडनाव आणि गाव सांगितलं की दोन मिनिटांत नातं लागतं. त्यामुळे नुसती ओळख आहे हे कळवून वाचणाऱ्याच्या ज्ञानात काहीच भर पडत नाही. ओळख कशातून झाली आणि त्या माणसाने तुमचं काम पाहिलंय का, एवढंच त्याला हवं असतं.

बुटीबोरीच्या एका कारखान्यात सांडपाणी प्रक्रियेच्या प्रयोगशाळेत केमिस्टची जागा होती. एका मुलीने अर्ज केला. त्याची सुरुवात अशी :

“आपल्या कंपनीचे प्लांट हेड श्री. अमुक हे माझ्या वडिलांचे निकटचे स्नेही असून आमचे घरोब्याचे संबंध आहेत. त्यांनीच मला आपल्याकडे अर्ज करण्यास सांगितले आहे. तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.”

एकही शब्द खोटा नव्हता, म्हणूनच हा नमुना बघण्यासारखा आहे. तीन वाक्यांत साहेब आहेत, वडील आहेत, घरोबा आहे, पण मुलगी कुठेच नाही. ‘सांगितले आहे’ हे वाक्य भरतीचं काम पाहणाऱ्याने वाचलं तेव्हा त्याला त्यात वरिष्ठांचा हुकूम दिसला. त्यापाठोपाठ ‘सहानुभूतीपूर्वक’ आल्यावर तर विनंतीचा दबावच झाला. त्याने जे कोणीही करेल तेच केलं, प्लांट हेडना फोन लावला. ते म्हणाले, “वडिलांना ओळखतो. मुलगी काय करते, मला माहीत नाही.” तेही खरंच होतं. लग्नात भेट झाली, “काका, तुमच्याकडे अर्ज करू का?” असं तिने विचारलं, त्यांनी “कर नं” म्हटलं. ‘सांगितले आहे’चा उगम तेवढाच.

अर्ज नाकारला गेला नाही, तो बाजूला राहिला, आणि हे जास्त वाईट. बोलवावं तर साहेबांच्या ओळखीची म्हणून बोलावली असं दिसणार, नकार द्यावा तर साहेबांना काय वाटेल. असा कागद कोणी हातात घेत नाही.

चुटपुट लागते ती वेगळ्याच गोष्टीची. त्याच प्रयोगशाळेत तिची कॉलेजातली सीनियर काम करत होती. दोघींनी पदवीचा प्रकल्प एकत्र केला होता. तिचं नाव पत्रात नव्हतं, कारण ती ‘फक्त केमिस्ट’ होती.

मी स्वतः बरीच वर्षं हेच सांगत आलो की नाव जितकं मोठं तितकं चांगलं, निदान पत्र उघडलं तरी जाईल. ते अगदीच चूक होतं असं आजही म्हणणार नाही. पत्र उघडलं जातं. पण वाचणाऱ्याच्या वरच्या माणसाचं नाव आलं की ती सूचना वाटते आणि त्याच्या बरोबरीच्या किंवा खालच्या माणसाचं नाव आलं की ती माहिती वाटते. माहिती तपासता येते. सूचनेपुढे मान डोलवायची किंवा तिच्यावर चिडायचं, एवढंच हातात असतं.

तर तिचा पहिला परिच्छेद असा व्हायला हवा होता :

“आपल्या प्रयोगशाळेतील केमिस्टच्या जागेसाठी अर्ज करत आहे. हिंगणा एमआयडीसीतील कारखान्यात दोन वर्षांपासून सांडपाण्याच्या नमुन्यांची सीओडी आणि तीन दिवसांची बीओडी तपासणी मी करते. या जागेविषयी मला आपल्याकडील केमिस्ट श्रीमती अमुक यांच्याकडून कळले. पदवीच्या प्रकल्पात आम्ही एकत्र काम केले आहे.”

(पत्र बहुधा इंग्रजीत जातं. क्रम तोच ठेवा.) नाव तिसऱ्या वाक्यात आहे आणि एकदाच आहे. पूर्ण नाव आणि हुद्दा लिहिलाय, ताई-सर-साहेब काढून टाकलंय, कारण एकाच आडनावाची चार माणसं त्या कंपनीत असू शकतात. ओळखीचं कारण एका छोट्या वाक्यात आटोपलंय. आता नावावर अंगठा ठेवून वाचा : तपासणीचं वाक्य शाबूत राहतं. पहिल्या पत्रात अंगठा ठेवलात तर खाली काहीच उरत नाही.

क्रियापदाला मात्र जपा. ‘कळले’, ‘सुचवले’, ‘शिफारस केली’ हे चढते दावे आहेत. नुसतं कळलं असेल तर ‘कळले’च लिहा, फोन गेला तर समोरून तेवढंच निघणार आहे. आणि ‘रेफर केले’ हा शब्द मोघमपणे वापरू नका. बऱ्याच खासगी कंपन्यांत त्याची रीतसर पद्धत असते : कर्मचाऱ्याने आधी स्वतःच्या लॉगिनमधून तुमचं नाव भरायचं, मग तुम्ही अर्ज करायचा. तुमचा अर्ज आधी गेला तर अनेक ठिकाणी रेफरल धरलाच जात नाही आणि त्या कर्मचाऱ्याचं बक्षीसही बुडतं. मिहानमधल्या आयटी कंपनीत अर्ज करत असाल तर हे आधी विचारून घ्या.

आतली बातमी मात्र पत्रात आणू नका. “दुसरी लाइन सुरू होतेय म्हणून माणूस हवाय असं त्यांनी सांगितलं” हे वाक्य तुम्हाला जाणकार ठरवत नाही, सांगणाऱ्याला गोत्यात आणतं. जाहिरातीत आहे तेवढंच त्यांच्या नावावर घाला.

परवानगी मागताना ‘तुमचं नाव टाकू का?’ एवढंच विचारू नका. त्यावर माणूस संकोचाने हो म्हणतो. पूर्ण वाक्य पाठवा : “ताई, केमिस्टच्या जागेसाठी अर्ज करतेय. पत्रात तुमच्याबद्दल हे वाक्य आहे. कंपनीतून तुम्हाला फोन येऊ शकतो. नको असेल तर मोकळेपणी सांगा, काढून टाकते.” निळ्या टिका म्हणजे होकार नव्हे. उत्तर आलं नाही तर नाव काढा.

आता तुमचा पुढचा प्रश्न, की ओळख फक्त साहेबांचीच असेल तर? त्यांनी तुमचं काम पाहिलेलं नसेल तर मी नाव गाळीन. पाहिलं असेल तर “श्री. अमुक यांनी हा अर्ज आपल्याकडे पाठवण्यास सुचवले” एवढंच, म्हणजे त्यांनी पत्ता दिला, निर्णय दिला नाही, हे दिसतं. याने दबाव पूर्ण जातो का? नाही. साहेबांचं नाव कितीही हळू घेतलं तरी ते ऐकू येतंच, आणि काही कचेऱ्यांत त्याशिवाय पान हलत नाही हेही मला ठाऊक आहे. तिथे माझं वाक्य कमी पडेल आणि घरोब्याचं पत्र चालेल. त्यावर माझ्याकडे तोड नाही.

सरकारी भरतीत मात्र हा विषयच आणू नका. जाहिरातीच्या अटींत बहुधा लिहिलेलं असतं की कोणत्याही प्रकारे शिफारस किंवा दबाव आणणारा उमेदवार अपात्र ठरेल. तिथे सीनियर ताईंचं साधं ‘कळले’सुद्धा लिहू नका.