मानकुरादच्या गिफ्ट बॉक्सचा फोटो : माझा अनुभव

आमच्या वहिनीच्या माहेरचं भाट, म्हणजे बागायत, गोव्यात डिचोलीकडे आहे, तिथले मानकुराद आंबे ती मे महिन्यात डझनाच्या गिफ्ट बॉक्समधे घालून ओळखीच्यांना विकते. यंदा तिने कोणाकडून तरी फोटो करून घेतले आणि स्टेटसला टाकले, तर दोघा-तिघांनी सरळ विचारलं, कार्बाइडचे आहेत का? वहिनीला फार लागलं, कारण तिचे आंबे पेंढ्याच्या अढीत पिकतात, कार्बाइडवर तर बंदीच आहे. मग म्हणाली, तूच बघ काय ते.

फोटो मोठा करून बघितल्यावर लगेच कळलं. रंग इतका वाढवलेला की सगळे बाराच्या बारा आंबे एकाच केशरी रंगाचे, आणि मानकुरादच्या सालीवर जे बारीक फिकट ठिपके असतात ते पार गायब! लोकांना कार्बाइडचा संशय येतो तो याच सारख्या रंगामुळे. म्हणून मी आधी फळांच्या निवडीपासून सुरुवात केली. सगळे पूर्ण पिकलेले न घेता बहुतेक पिवळे आणि तीन-चार असे घेतले की ज्यांच्या खांद्याजवळ हिरवट छटा राहिलीय. एकाला चिकाचा छोटा डाग होता, तोही मुद्दाम ठेवला, फक्त कडेला. देठ थोडा राखलेला असला की फळ झाडावरनं आलंय हे दिसतं, आणि हाताळताना देठालाच धरायचं म्हणजे सालीवरचा नैसर्गिक मेणचट थर पुसला जात नाही. हा थर फार महत्त्वाचा आहे, पाण्याचा थेंब गोल उभा राहतो तो याच्यामुळे. साबणाने धुतलेल्या किंवा घासून पुसलेल्या आंब्यावर पाणी पसरतं, नुसता ओला चट्टा दिसतो. आणि काहीजण चमक यावी म्हणून खोबरेल लावतात, त्याने तर उजेडाचा मोठा पांढरा पट्टा येतो आणि आंबा प्लास्टिकचा वाटतो.

पानं आंब्याचीच घेतली. कोवळी तांबूस पानं दिसायला सुंदर पण लगेच मान टाकतात, जुनी पानं धुळकट, म्हणून मधली. सकाळी लवकर डहाळीच तोडून पाण्यात उभी ठेवली, पानं ओल्या फडक्याने पुसली आणि फोटोच्या अगदी ऐन आधी डहाळीवरनं काढली. खाली पेंढा, त्यावर आंबे, पानं फक्त फटींमधनं डोकावतील एवढीच, कारण पानं जास्त झाली की फळ लपतं आणि सजावट वाटायला लागते.

उजेडासाठी आमचं बाल्काव, म्हणजे घरापुढची बसायची ओसरी! ऊन थेट येत नाही पण एका बाजूने भरपूर उजेड असतो. घरातले दिवे बंद केले, कारण दोन उजेड असले की प्रत्येक थेंबात दोन पांढरे ठिपके दिसतात आणि ते डोळ्याला खटकतं, शिवाय ट्यूबच्या उजेडाने पिवळा रंग हिरवट पडतो. उजेड बॉक्सच्या मागून-बाजूने येईल असं ठेवलं, म्हणजे थेंब चमकतात, आणि समोरच्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा केला की सावल्या काळ्याकुट्ट होत नाहीत.

थेंबांना ग्लिसरीन वापरतात हे माहिती आहे, अर्धं पाणी अर्धं ग्लिसरीन केलं की थेंब बराच वेळ टिकतात, पण मला साधं पाणीच हवं होतं. पंखा बंद करून स्प्रेची बाटली दीड-दोन फुटांवरनं एकदाच, आणि मग ड्रॉपरने तीन-चार मोठे थेंब, तेही फक्त पुढच्या दोन आंब्यांवर आणि एका पानावर. सगळ्या फळांवर सारखेच थेंब असले की खोटं वाटतं. फ्रीजमधला गार आंबा तर नकोच, गोव्याच्या मे महिन्यातल्या दमट हवेत त्याच्यावर पूर्ण धुकं येतं आणि रंग राखाडी दिसतो.

मोबाईलमधला फूड मोड बंद ठेवला, आंब्यावर बोट दाबून फोकस लॉक केला आणि उजेड किंचित खाली ओढला, पिवळा रंग जास्त उजळला की सालीवरचे ठिपके आधी जातात. नंतर एडिट करताना रंग वाढवलाच नाही, फक्त पेंढ्याजवळ ठेवलेला पांढरा कागद पांढरा दिसेल एवढं सेट केलं. मोठा करून बघितला तेव्हा ठिपके मोजता येत होते, मग वहिनीला पाठवला.

फोटोखाली तिला एक ओळ लिहायला लावली की बॉक्स कोरडाच येईल, पाणी फक्त फोटोपुरतं. ओल्या सालीचे आंबे बंद खोक्यात राहिले की देठापासनं काळे पडून कुजतात, त्यामुळे पाठवायचे बॉक्स भरताना फळं पूर्ण कोरडी आणि पानं दोन-तीनच, वरच्या बाजूला.