पिवळ्याच्या जागी हिरवा

गाडी पाच दारांची हॅचबॅक. मालक घरोघरी सामान पोचवण्याच्या कामातले, त्यामुळे गाडी बरीचशी रात्री चाले. तक्रार एकच: पार्किंग लाइटचा फ्यूज सारखा उडतो. तो गेला की मागचे लाल दिवे, नंबर प्लेटचा दिवा आणि डॅशबोर्डचा उजेड सगळंच एकदम बंद.

फ्यूज बॉक्सचं झाकण काढलं, तर तिथे पिवळा फ्यूज बसलेला. पिवळा म्हणजे २० अँपिअर. झाकणाच्या आतल्या नकाशावर त्या जागी १० लिहिलं होतं, म्हणजे लाल हवा. लाल टिकत नाही म्हणून कुणीतरी पिवळा बसवला होता. आता तोही अधूनमधून जायला लागल्यावर साहेब म्हणाले, "दादा, सरळ ३० चा हिरवा टाका ना. रोजची कटकट नको."

मी आधी त्यांनी जपून ठेवलेले उडालेले फ्यूज मागितले. उडालेला फ्यूज फेकून द्यायचा नसतो, कारण तो कसा गेला हे त्याच्यावरच दिसतं. भार थोडासा जास्त होऊन हळूहळू तापून गेला असेल, तर आतली पट्टी मध्येच वितळून स्वच्छ फट पडलेली दिसते. शॉर्टने गेला असेल तर पट्टीचा तुकडाच उडून जातो आणि प्लास्टिकला आतून काळा धूर चढतो. हे लाल फ्यूज झाडून सगळे काळे होते. म्हणजे भार जास्त झालेला नव्हता, वायर कुठेतरी थेट बॉडीला लागत होती. तसंही या लाइनवर ५ वॉटचे पाचसहा बल्ब आणि डॅशबोर्डचा किरकोळ उजेड, मिळून तीन अँपिअरच्या आसपास. दहाचा फ्यूज त्याला भरपूर होतो.

"कधी उडतो?" मी विचारलं.

"रात्री."

"दिवसा कधीच नाही?"

"दिवसा लाइट लावतोय कोण?"

तेही खरंच. मग विचारलं, उडाल्याचं लक्षात कधी येतं? चालत्या गाडीत की थांबल्यावर? जरा आठवून म्हणाले, बहुतेक सामान उतरवून पुन्हा गाडीत बसलं की डॅशबोर्ड अंधारा दिसतो. माझं निम्मं काम त्यांनी तिथेच केलं.

अशा अधूनमधून होणाऱ्या शॉर्टवर नवे फ्यूज टाकत बसण्यात अर्थ नसतो. दर वेळी ठिणगी एकदा होते, फ्यूज जातो आणि शोधायला हातात काहीच उरत नाही. मल्टिमीटर लावून पाहिला, डिकी उघडी होती, वायर बॉडीला लागल्याचं काही दिसेना. म्हणून मी फ्यूजच्या जागी बल्ब लावतो. २१ वॉटचा साधा इंडिकेटरचा बल्ब, त्याच्या दोन वायरींना फ्यूजच्या खाचेत बसतील अशा पट्ट्या. शॉर्ट झाला तरी या बल्बमधून दोन अँपिअरपेक्षा कमीच करंट जातो. त्याने वायरीला काही होत नाही, आणि शॉर्ट आहे तोवर बल्ब लख्ख पेटलेला राहतो. आधी पुढचे-मागचे पार्किंग बल्ब होल्डरमधून काढून ठेवायचे, नाहीतर त्यांच्यामुळेही हा बल्ब मंद पेटतो आणि घोटाळा होतो. डॅशबोर्डमुळे जेमतेम लालसर तार दिसत होती, तेवढी चालते. एअरबॅगच्या फ्यूजच्या जागी मात्र असलं काही लावायचं नाही.

पार्किंगचा स्विच चालू केला. बल्ब अंधुक. स्टिअरिंगखालची जोडणी हलवली, मागच्या दिव्यांचे कनेक्टर हलवले, बल्ब तसाच. साहेबांना म्हटलं, आता डिकी सावकाश बंद करा. निम्म्यावर आली आणि बल्ब एकदम लख्ख झाला. पुढे पूर्ण लागली तेव्हा पुन्हा अंधुक. "थांबा, आता तशीच वर घ्या." पुन्हा निम्म्यावर लख्ख.

डिकीच्या बिजागरीजवळ रबराची घडीदार नळी असते, तिच्यातून वायरी छतातून दारात जातात. तिचं छताकडचं टोक भोकातून निसटलेलं होतं आणि वायरी थेट पत्र्याच्या उघड्या कडेवर टेकलेल्या. त्याच भोकातून रिव्हर्स कॅमेऱ्याची एक बाहेरची वायर ओढून नेलेली होती. ती घालताना नळी काढली आणि परत बसवलीच नाही, हे उघड होतं. मग डिकी उघडा-मिटायच्या प्रत्येक वेळी पत्रा वायरी घासत राहिला. नंबर प्लेटच्या वायरीचं आवरण नखाएवढ्या जागेत गेलं होतं, आतल्या काही तारा तुटून ब्रशासारख्या फुलल्या होत्या आणि पत्र्याच्या कडेला बारीक काळा डाग पडला होता.

मग मी साहेबांना ३० चा फ्यूज का नाही, ते आकड्यांत सांगितलं. ही वायर अर्ध्या चौरस मिलिमीटरची. फ्यूज बॉक्सपासून तिथवर पाच मीटर धरली तर तिचा रोध ०.१८ ओमच्या आसपास. फुललेल्या तारा पत्र्याला धड चिकटत नाहीत, नुसत्या टेकतात, म्हणून वाटेत मिळून आणखी पाव-अर्धा ओम येऊ शकतो. सगळा मिळून अर्धा ओम धरला तर करंट झाला २५ अँपिअरच्या घरात. १० चा फ्यूज एवढ्यावर टिकत नाही, पटकन जातो. २० चा बराच वेळ तग धरू शकतो. ३० चा जाणारच नाही. आणि तोवर त्या पाच मीटर वायरीत शंभर वॉटच्या वर उष्णता होत राहते, म्हणजे गालिच्याखाली २५ वॉटचे चार सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखं. फ्यूज बल्बला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. त्याचा आकडा वायरीच्या जाडीवरून ठरतो.

"मधे एकदा प्लास्टिक जळल्याचा वास आला होता," ते म्हणाले.

मग नुसता बिजागरीजवळचा तुकडा बदलून भागणार नव्हतं. मागच्या सीटशेजारची पट्टी आणि गालिचा उचलून वायरींचं टेपने गुंडाळलेलं हार्नेस उघडलं. जिथे टेप घट्ट होती तिथे पार्किंगच्या वायरीचं आवरण मऊ पडून शेजारच्या ब्रेक लाइटच्या वायरीला चिकटलं होतं. अजून आरपार वितळलं नव्हतं. तेवढ्या लांबीत दोन्ही वायरी नव्या घातल्या.

बिजागरीपाशी सांधा देताना एक पाळावं लागतं: जोड वाकणाऱ्या भागात येता कामा नये. सोल्डरने तार कडक होते आणि रोजच्या वाकण्याने त्याच्या कडेलाच तुटते. म्हणून नळीतून जाणारा सगळा तुकडा नव्या, बारीक तारांच्या लवचिक वायरीचा घातला आणि जोड दोन्ही बाजूंना आत घेतले, तेही मागेपुढे, म्हणजे एकाच जागी गाठ होत नाही. कॅमेऱ्याची वायरही नळीतूनच नेली, आणि नळीची कड भोकात चारही बाजूंनी बसली का, ते बोट फिरवून पाहिलं.

बल्ब परत लावले, लाल फ्यूज बसवायच्या आधी त्या जागी मीटर लावला. २.८ अँपिअर. मीटर तसाच ठेवून साहेबांना डिकी उघड-मीट करायला लावली, जोरात आपटायलाही लावली. आकडा हलला नाही. मग लाल फ्यूज बसवला. डिकीच्या झटक्यावर उडणारा फ्यूज असा सापडतो. वायपर किंवा काच वर-खाली करणाऱ्या मोटरच्या लाइनवर फ्यूज जात असेल तर हा बल्ब कामाचा नाही, कारण तो मोटरला पुरेसा करंटच जाऊ देत नाही. तिथे क्लॅम्प मीटर लावून मोटर जाम होतेय का ते बघावं लागतं.

पिवळा फ्यूज साहेब खिशात टाकत होते, तो मी काढून घेतला. जादाचे म्हणून दोन लाल दिले आणि झाकणाच्या आत त्या जागेवर मार्करने १० पुन्हा ठळक केलं.