तथास्तु

परवापासून एकच वाक्य डोक्यातून जात नाहीये. माझंच आहे, हेच वाईट.

मैत्रिणीच्या वास्तुशांतीला मी सकाळी साडेसातलाच पोचले होते. आग्नेय कोपरा तिच्या स्वयंपाकघरातच येतो, म्हणून ओट्याखालची एक फरशी आधीच सुटी ठेवली होती. फ्लॅट असल्यामुळे खाली स्लॅब, खोल काय खणणार? चार बोटांच्या त्या खळग्यात गुरुजींनी शेवाळ, सप्तधान्य, दहीभात घातला आणि वास्तुपुरुषाची इवलीशी प्रतिमा पालथी ठेवली, डोकं ईशान्येला. त्याच्यावर कुणाचा पाय पडू नये म्हणून ओट्याखालचीच जागा. फरशी परत बसली, फटीत पांढरं सिमेंट भरलं, आणि नेमकी तेव्हाच मी बोलून गेले, "आमच्या नशिबी कुठलं हे सगळं!"

काकूंनी हळूच मनगट धरलं. "अगं, वास्तू तथास्तु म्हणते. इथे असं बोलू नये."

खरं होईल याची भीती मला नाही वाटली. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांना तथास्तु म्हणून आणखी काय होणार? पण तिच्या पहिल्यावहिल्या घरात माझ्या तोंडून मनापासूनचं पहिलं वाक्य निघालं ते माझ्याबद्दल. तिच्यासाठी काय आणलं होतं? पाकिटात ५०१ रुपये आणि वर 'नूतन वास्तूस हार्दिक शुभेच्छा'. हे तर कुणालाही लिहिता येतं. रात्री उशीत तोंड खुपसून रडले. किती वर्षं झाली, दर अकरा महिन्यांनी करार, दर वेळी तेच... जाऊ दे.

आज दुपारी तांदूळ निवडताना एकदम तिचा ओटा डोळ्यांसमोर आला. पूर्वेकडे उतू घातलेलं दूध शेगडीखाली ओघळलं होतं आणि ती फडकं हातात धरून नुसती बघत उभी होती. तिला पुसवेना. तिच्या मनात तेव्हा काय चाललं असेल, हे मी विचारलंच नाही.

मग फोन घेऊन लिहायला बसले. बायपासपलीकडे तिच्याकडे अजून बोअर आणि टँकरच आहे. म्हणून आधी हेच लिहिलं: जलूदहून इंदूरपर्यंत ७० किलोमीटर येणारी नर्मदा तुझ्या नळापर्यंत लवकर पोचो. हप्त्याच्या तारखेआधी पगार जमा होवो. पहिल्या पावसात खिडकीच्या चौकटीतून ओल न येवो. आणि त्या ओट्यावरचं दूध यापुढे फक्त गप्पांच्या नादातच उतू जावो.

पाठवलं. रडूही आलं, हलकंही वाटलं.

आत्ता तिचं उत्तर आलं: "काकू म्हणतायत, हे घरी येऊन मोठ्याने म्हण. ओट्यापाशी उभी राहून."

उद्या ऑफिस सुटलं की जातेच.