सर्टिफिकेट झालं, आता पगाराचं कसं बोलू?

"सर, एडब्ल्यूएसची सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट परीक्षा पास झाले. मॅनेजरकडे पगारवाढ मागू की नवा रोल? आणि बोलायला सुरुवात कशी करू?"

रोल मागा, आणि त्याच बोलण्यात पैशांचा आकडाही सांगून ठेवा. कारण असं, की बहुतेक कंपन्यांत तुमच्या मॅनेजरच्या हातात वर्षाच्या मध्ये पगार वाढवण्याचा अधिकारच नसतो. त्याला तुमचं नाव घेऊन त्याच्या साहेबाकडे आणि एचआरकडे जावं लागतं. तिथे त्याला पहिला प्रश्न येतो, "हिच्या कामात काय बदललं?" 1000 पैकी 720 ला पास होतात, तुम्हाला किती मिळाले हे तिथे कुणी विचारत नाही. लिंक्डइनवरच्या बॅजचं कौतुक मामा-मावशींना जास्त.

माझ्या टीममधल्या एका मुलीचं सांगतो. डोंबिवलीहून कांजूरमार्गला उतरून पवईला यायची. सपोर्टला होती, सीटीसी 8 लाख 40 हजार. पास झाल्यावर तिने लगेच मीटिंग मागितली नाही. आधी एक काम हाती घेतलं: डेव्हलपमेंट आणि टेस्टिंगचे सर्व्हर रात्री आणि शनिवार-रविवारी आपोआप बंद ठेवणं. आठवड्याचे तास 168. सोमवार ते शुक्रवार रोज 12 तास चालू ठेवले तर होतात 60. या सर्व्हरच्या तासांचं बिल महिन्याला 90 हजारांच्या आसपास येत होतं, ते 32 हजारांवर आलं.

आता यातली मेख बघा. सर्व्हर बंद केला तरी त्याच्या डिस्कचं भाडं चालूच राहतं, त्यामुळे पूर्ण बिल त्या प्रमाणात उतरत नाही. शिवाय कंपनीने आधीच वर्षाचा सेव्हिंग्ज प्लॅन घेऊन ठेवला असेल, तर तेवढे पैसे सर्व्हर चालो वा न चालो, द्यावेच लागतात. मग बचत कागदावरच. हे दोन्ही तिने आधी बिलात तपासलं होतं, आणि 58 हजार हा आकडा त्यातून निघाला होता. "क्लाउडचा खर्च निम्म्यावर आणला" असं मोघम लिहिलं असतं, तर फायनान्सवाल्याने पहिल्याच प्रश्नाला पाडलं असतं.

मग तिने मला मेल टाकला: "माझ्या रोलबद्दल अर्धा तास बोलायचंय. सोबत एक पान जोडलंय." पानावर आधीचं बिल, नंतरचं बिल, सपोर्टच्या रोलमध्ये न मोडणारी पण ती सध्या करत असलेली कामं, आणि क्लाउड इंजिनिअरच्या रोलमधलं तिला अजून काय येत नाही हे. शेवटचा भाग मला सगळ्यात उपयोगी पडला. वरच्यांनी उणीव काढली, तेव्हा माझ्याकडे उत्तर तयार होतं.

मीटिंगमध्ये तिचं वाक्य साधं होतं. "मला क्लाउड इंजिनिअरचा रोल हवाय, आणि त्या रोलच्या बँडप्रमाणे साडेदहा लाख." एवढं बोलून गप्प बसली. आपल्याला ती शांतता सहन होत नाही. मग "नाही म्हणजे, नऊ पण चालतील सर" असं आपणच भाव उतरवतो. बँड कुठून कळला? त्याच पदाच्या कंपनीतल्या अंतर्गत जाहिरातीवरून. शेजारच्या टेबलावरच्याचा पगार मात्र काढू नका, त्याने मॅनेजर लगेच बचावात जातो.

मी म्हटलं, "आत्ता बजेट नाही." खरंच नव्हतं. तिने विचारलं, "मग पदनाम आत्ता आणि पैसे एप्रिलला, असं होईल का? आणि एप्रिलसाठी माझ्याकडून काय दिसायला हवं, ते माझ्या गोल शीटमध्ये लिहाल का?" तोंडी "बघू" आणि शीटमधली ओळ यात फार फरक आहे. मॅनेजर बदलला तरी शीट राहते.

म्हणून वेळ महत्त्वाची. एप्रिल ते मार्चचं चक्र असेल, तर प्रमोशनची नावं मार्चच्या बरीच आधी वर जातात. डिसेंबर-जानेवारीत बोललात तर नाव यादीत बसवता येतं. मार्चमध्ये आलात तर मॅनेजर मान डोलावतो आणि यादी केव्हाच गेलेली असते.

परीक्षेची फी कंपनीने भरली असेल, तर बोलण्याआधी तो करार काढून वाचा. ठरावीक मुदतीत नोकरी सोडली तर फी परत घेण्याची अट त्यात असू शकते. आणि पत्र हातात आलं की एकूण सीटीसीच्या आधी फिक्स्ड रक्कम बघा. वाढ सगळी व्हेरिएबलमध्ये टाकलेली असेल तर महिन्याच्या खात्यात काहीच हलत नाही. तिच्या पहिल्या पत्रात तसंच होतं. सही न करता ती परत आली, आणि दुरुस्त पत्र मिळायला दोन आठवडे लागले.